म्हातारीचे वचन गोष्टीतून वगळता येईल का?

‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा.’ भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतले हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या ऐकले गेले आहे. मुलांसाठी नव्याने लिहिल्या जाणाऱ्या काही आवृत्त्यांतून मात्र ते गळू लागले आहे. मध्यंतरी भाचीला वाचून दाखवण्यासाठी मी अशीच एक चित्रमय आवृत्ती हातात घेतली. तिच्यात लांडगा म्हातारीला वाट दाखवतो, वाघ ‘आजी, सांभाळून जा’ असे म्हणतो, आणि लेकीकडून परतताना म्हातारी भोपळ्यात बसते ती केवळ मौज म्हणून. खाण्याची धमकी नाही, म्हणून वचन नाही, आणि वचनच नसल्यामुळे ते मोडण्याचा प्रश्नही नाही. पाच वर्षांच्या भाचीने सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, ‘वाघ चांगला आहे ना? मग ती भोपळ्यात लपली कशाला?’ पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

लोककथा मुलांसाठी बदलाव्यात की नाहीत, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा दोन टोकांवरून चालतो. एक पक्ष म्हणतो की परंपरेला हात लावू नये. दुसरा पक्ष म्हणतो की भीती आणि खोटेपणा लहान मुलांपुढे ठेवू नये. दोन्ही पक्षांची तळमळ मला समजते, परंतु दोघेही गोष्टीकडे एक अखंड वस्तू म्हणून पाहतात, जी जशीच्या तशी ठेवायची किंवा हवी तशी घासूनपुसून घ्यायची. कथेचा कोणता भाग पुढच्या भागाचे वजन पेलतो आणि कोणता केवळ अंगावरचा पोशाख आहे, हे आधी तपासायला हवे. त्यासाठी लागणारे साधन जवळपास शंभर वर्षांपूर्वी तयार झाले आहे. माझे म्हणणे असे आहे की म्हातारीच्या गोष्टीत लांडगा, वाघ, तूपरोटी, फार काय, भोपळासुद्धा बदलला तरी चालू शकेल, पण वचन काढले तर गोष्ट उभी राहत नाही.

ते साधन दिले व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने. 1928 साली लेनिनग्राडमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात त्याने अफनास्येव्हने जमवलेल्या रशियन लोककथांच्या संग्रहातल्या शंभर अद्भुतकथा एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या. त्याची सुरुवात अगदी साध्या निरीक्षणापासून होते. एका कथेत राजा नायकाला गरुड देतो आणि गरुड त्याला दुसऱ्या राज्यात नेतो. दुसरीत एक म्हातारा घोडा देतो आणि घोडा नायकाला दूर नेतो. तिसरीत जादूगार होडी देतो, तर चौथीत राजकन्या अंगठी देते आणि त्या अंगठीतून निघालेले तरुण नायकाला घेऊन जातात. माणसे वेगळी, वस्तू वेगळ्या, परंतु कथेत घडते ते एकच: कोणीतरी साधन देतो आणि त्या साधनाने नायक इच्छित ठिकाणी पोहोचतो. कथेच्या पुढच्या वाटचालीत ज्या कृतीला विशिष्ट अर्थ असतो, तिला प्रॉपने ‘फंक्शन’ म्हटले. मराठीत तिला कार्य म्हणू. त्याला अशी एकतीस कार्ये सापडली. प्रत्येक कथेत सगळी असतातच असे नाही, पण जी असतात ती ठराविक क्रमाने येतात. ही कार्ये पार पाडणारी पात्रे सात भूमिकांत वाटली जातात: खलपात्र, दाता, साहाय्यक, जिचा शोध घेतला जातो ती राजकन्या आणि तिच्यासह तिचा पिता, नायकाला धाडणारा, नायक आणि तोतया नायक.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कार्याचे नाव ते कोणी केले किंवा कसे केले यावरून ठरत नाही, पुढे त्यातून काय घडले यावरून ठरते. नायकाला बापाकडून पैसे मिळाले आणि त्यांतून त्याने पुढे उपयोगी पडणारे मांजर विकत घेतले, तर ते साधनप्राप्तीच्या वाटेवरचे पाऊल होय. तेच पैसे शेवटी पराक्रमाचे बक्षीस म्हणून मिळाले, तर ती कथेची अखेर. कृती एकच असली तरी जागा बदलली की कार्य बदलते. ‘या कथेत अमुक अमुक कार्य आहे’ असे सांगणाऱ्याने त्या कार्यामुळे पुढे काय शक्य झाले हेही सांगितले पाहिजे. तेवढे सांगता आले नाही, तर त्याने कृतीला फक्त चिठ्ठी चिकटवली आहे, वाचन केलेले नाही.

आता म्हातारीकडे येऊ. कथेच्या आरंभी एक उणीव आहे: म्हातारी एकटी आणि रोडावलेली आहे, लेक दुसऱ्या गावी आहे आणि मध्ये जंगल आहे. ती निघते. वाटेत लांडगा भेटतो आणि तिला खाईन म्हणतो. ती म्हणते, आत्ता माझ्या अंगावर आहे काय, नुसती हाडे, लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा. लांडगा मानतो. पुढे वाघ भेटतो आणि तेच घडते. कोणी सांगणारा अस्वल घालतो, कोणी कोल्हा. प्राणी दोन असोत वा चार, कार्य वाढत नाही. प्रॉपने या पुनरावृत्तीची दखल घेतली होती. तीनदा आलेली घटना ही तीन कार्ये नसतात, एकाच कार्याच्या त्या तीन घड्या असतात. म्हणून एखाद्या आवृत्तीत अस्वल गाळले तर काहीच बिघडत नाही, आणि मुलाला वाघाची फार भीती वाटत असेल तर वाघाच्या जागी कोल्हा आणला तरी चालते. हे बदल पोशाखाचे आहेत.

प्रॉपच्या यादीत सहावे कार्य असे की खलपात्र बळीला फसवू पाहते, आणि सातवे असे की बळी फसते व नकळत शत्रूला मदत करते. म्हातारीच्या गोष्टीत हे दोन्ही दुवे आहेत, पण उलटे बसवलेले. फसवते ती जी खाल्ली जाणार आहे ती, आणि फसतो तो जो खाणार आहे तो. वाघ ‘जा’ म्हणतो तेव्हा तोच आपल्या पराभवाला हातभार लावतो. म्हणजे कार्ये तीच राहतात, भूमिकांची मात्र अदलाबदल होते. शिवाय प्रॉपकडे ही फसवणूक संकट येण्यापूर्वी असते, इथे ती संकटाच्या तोंडावर येते. ॲलन डंडस या अमेरिकन लोकसाहित्य अभ्यासकाने 1964 साली उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी कथांचा असाच अभ्यास केला, तेव्हा त्याला एकतीस कार्यांची लांबलचक साखळी लागली नाही. लहान लहान जोड्या पुरल्या: उणीव आणि उणिवेची भरपाई, डाव टाकणे आणि डाव साधणे. आपली गोष्ट या दुसऱ्या साच्यात सहज बसते.

लेकीच्या घरी उणीव भरून निघते. म्हातारी तूपरोटी खाते, अंगाने भरते. परंतु हीच भरपाई वचनाची पहिली अट पुरी करते, आणि कथेतला सगळा ताण या एका वळणात आहे. प्रत्येक घासागणिक म्हातारीची प्रकृती सुधारते आणि प्रत्येक घासागणिक ती वाघाच्या ताटाला अधिक योग्य होते. ग्रेमास या फ्रेंच अभ्यासकाने 1966 साली प्रॉपच्या भूमिका आणखी आटोपशीर करून तीन जोड्यांत बसवल्या: कर्ता आणि त्याचे इष्ट, धाडणारा आणि लाभ घेणारा, साहाय्यक आणि विरोधक. त्या नजरेने पाहिले तर इथे दोन कथानके एकमेकांत गुंतलेली दिसतात. एकात म्हातारी कर्ता आहे, लेकीची भेट आणि मग सुखरूप घर हे तिचे इष्ट आहे, आणि वाघ विरोधक आहे. दुसऱ्यात वाघ कर्ता आहे आणि म्हातारी हेच त्याचे इष्ट आहे. वचन देताना म्हातारी दोन्ही कथानकांत एकाच वेळी बोलते. वाघाला ती सांगते की तुझे इष्ट आज कमी किमतीचे आहे, थांबलास तर किंमत वाढेल. स्वतःसाठी ती वेळ विकत घेते. एवढ्याशा वाक्यात हा दुहेरी व्यवहार आहे, आणि माझ्या मते म्हणूनच ते वाक्य चालीत बांधले गेले. सांगणाऱ्यांना ते विसरून चालणार नव्हते.

परतीच्या वेळी लेक भोपळा देते. लेक ही दाता, भोपळा हा साहाय्यक. प्रॉपच्या कथांत दाता सहसा आधी नायकाची परीक्षा घेतो. इथे परीक्षा नाही, कारण दाता पोटची लेक आहे. मग तीच वाट, तेच प्राणी, आणि ‘म्हातारे, म्हातारे, कुठे चाललीस?’ हा तोच प्रश्न. उत्तर मात्र बदलते: ‘कशाची म्हातारी अन् कशाची कोतारी, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!’ जाताना वाघाशी झालेली भेट ही डाव टाकण्याची जागा होती, येताना तीच भेट पाठलाग आणि सुटका यांची जागा होते. वाघ तोच, रस्ता तोच आणि प्रश्न तोच असूनही कार्य वेगळे झाले ते केवळ मधे दिलेल्या शब्दामुळे. तो शब्द नसता तर परतीच्या वाटेवरचा वाघ हा फक्त रस्त्यात उभा असलेला वाघ ठरला असता.

इथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक होते. म्हातारी भोपळ्यात लपून येते आणि कोणी तिला ओळखत नाही, म्हणून काहीजण या प्रसंगाला प्रॉपचे तेविसावे कार्य म्हणतात: नायक न ओळखता येईल अशा रूपात घरी किंवा परक्या देशात पोहोचतो. वरवर ते पटते. पण त्या कार्यानंतर काय येते ते पाहावे. तोतया नायक खोटा दावा करतो, खऱ्या नायकाला कठीण काम दिले जाते, ते तो पार पाडतो आणि मग ओळख पटते. म्हातारीच्या गोष्टीत यातले काहीही घडत नाही. लपण्यामुळे घडते ते एवढेच की तिला धरायला टपलेला वाघ तिला धरू शकत नाही. म्हणून हे बाविसावे कार्य आहे, पाठलागातून सुटका. अनोळखी रूप हा दोन्हींतला समान पोशाख आहे, आणि पोशाखावरून नाव दिले की वाचन चुकते.

आता भाचीच्या प्रश्नाकडे परत जाता येते. तिने नकळत तेच केले जे अभ्यासक हेतुपुरस्सर करतो: एक भाग काढून पाहणे आणि पुढे काय कोसळते ते तपासणे. धमकी आणि वचन काढले तेव्हा सर्वांत आधी निकामी झाला तो भोपळा. लपण्याचे कारण गेले, म्हणून साहाय्यक निव्वळ वाहन झाला. त्यानंतर लेक दाता राहिली नाही, कारण तिने दिलेल्या वस्तूने कोणाचाही जीव वाचला नाही. तूपरोटीतला ताण गेला. ‘कशाची म्हातारी’ या उत्तराला अर्थ उरला नाही, कारण जो मित्र आहे त्याला चकवायचे कशाला? एका वाक्याच्या मागोमाग चार जागा ढासळल्या. त्या आवृत्तीच्या लेखकाने भोपळा, लेक, तूपरोटी आणि धृपद ही सगळी ओळखीची चित्रे जपली होती, आणि तरीही मुलीला गोष्ट कळली नाही, कारण चित्रे जपली तरी त्यांना जोडणारे कारण गेले होते.

याच कसोटीने मी परंपरेच्या पक्षालाही विचारीन. जे म्हणतात की शब्दाला धक्का लागता कामा नये, त्यांनी हीच कथा इतर भाषांत पाहावी. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी सांगितलेल्या रूपात कुबडी म्हातारी लेकीकडे नव्हे, नातीकडे जाते. वाटेत कोल्हा, वाघ आणि अस्वल भेटतात, आणि ती लाऊच्या, म्हणजे दुध्याच्या, पोकळ कवचात बसून परतते. फारसीतही भोपळ्यात बसून घरंगळत येणारी म्हातारी आहे. आंतरराष्ट्रीय कथाप्रकारांच्या यादीत या सगळ्यांना एकच क्रमांक आहे, 122एफ, आणि त्याचे नाव भोपळ्यावरून पडलेले नाही, ‘मी पुरेशी लठ्ठ होईपर्यंत थांब’ या वचनावरून पडले आहे. यादी करणाऱ्यांनाही कथेचा खांब तिथेच दिसला. नात्याची माणसे, प्राणी, फळ हे सारे देशोदेशी बदलत आले, मग आपण बदलले तर अपराध होत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. प्रॉपची एकतीस कार्ये रशियन अद्भुतकथांतून काढलेली आहेत आणि त्याने स्वतः आपला दावा त्या प्रकारापुरताच ठेवला होता. 122एफ ही आंतरराष्ट्रीय कथाप्रकारांच्या यादीत प्राणिकथांच्या वर्गात येते. म्हणून तिच्यात एकतीस घरे मांडून प्रत्येकात काहीतरी कोंबण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. म्हातारीला धाडणारा कोणी नाही, तोतया नायक नाही, शेवटी लग्न आणि सिंहासन नाही. ही घरे रिकामी राहिली म्हणून कथेत दोष ठरत नाही. अनेक विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘धाडणारा: म्हातारीच्या मनातील माया’ असे लिहिलेले दिसते. ग्रेमासच्या चौकटीत तसे म्हणता येते, कारण तिथे भूमिका एखाद्या भावनेकडेही जाऊ शकते. प्रॉपच्या चौकटीत म्हणता येत नाही, कारण तिथे कृती करणारे पात्र लागते. दोन चौकटींची सरमिसळ झाली की कोणताही शब्द कुठेही बसतो, आणि जे कुठेही बसते त्यातून काहीच कळत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. 1960 साली क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने प्रॉपवर आक्षेप घेतला की आकाराला आशयापासून तोडले तर कथा कुठल्या लोकांची आहे हेच हरवते. त्याचा दाखला झाडांचा होता: कथेत प्लमचे झाड आहे की सफरचंदाचे, हे केवळ ‘झाड’ म्हणून सोडून देता येत नाही, कारण सांगणाऱ्यांच्या दृष्टीने एकाचे महत्त्व त्याच्या फलण्यात असते आणि दुसऱ्याचे त्याच्या घट्ट मुळांत. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि आपल्या भोपळ्यालाही तो लागू पडतो. कार्याच्या भाषेत भोपळा म्हणजे ‘साहाय्यक’, त्या जागी पिंप किंवा पेटी आली असती तरी चालले असते. परंतु वाळलेला भोपळा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकण्याची रीत आपल्याकडे होती. आतून पोकळ, बाहेरून टणक, वजनाला हलका आणि बुडू न देणारा हा भोपळा माणसाला धोक्यातून पार नेतो, हे ऐकणाऱ्याला अनुभवाने ठाऊक होते. तसेच लेकीचे. ओव्यांतून आणि सणांतून लेक माहेरी येते, इथे आई लेकीकडे जाते, तिथे खाते आणि तिने दिलेल्या वस्तूमुळे वाचते. माहेरची नेहमीची दिशाच उलटली आहे, आणि बंगालीतल्या नातीने ती तशी उलटत नाही. प्रॉपच्या यादीला हा फरक दिसत नाही. तो दिसण्यासाठी गोष्ट सांगणाऱ्या बायांचे जगणे माहीत असावे लागते.

म्हणूनच मघाशी मी ‘भोपळासुद्धा बदलला तरी चालू शकेल’ असे म्हटले ते कथा उभी राहण्यापुरते होते. भोपळा बदलला तर कथा उभी राहील, पण ती आपली कमी राहील. वचन काढले तर ती कोणाचीच राहणार नाही. बदल करणाऱ्या लेखकाने आणि संपादकाने या दोन नुकसानांत फरक केला पाहिजे, कारण पहिले नुकसान कधी कधी पत्करण्यासारखे असते आणि दुसरे कधीच नसते.

उरतो तो खोटे बोलण्याचा प्रश्न. म्हातारी शब्द देते, मोडते, आणि तिला काहीही शिक्षा होत नाही. पालकांना हे खटकते. रचनेचे वाचन नीतीचा निवाडा देऊ शकत नाही, आणि त्याने तसा दावा करू नये. पण निवाडा कशाबद्दल करायचा आहे ते ते नेमके दाखवू शकते. हे वचन मोकळ्या मनाने झालेल्या कराराचे नाही. ते धमकीनंतर, जबड्यासमोर दिले गेले आहे आणि कथेतली त्याची जागा डावाची आहे. ज्याला हे मुलांपुढे नको आहे, त्याने वचन पुसण्याऐवजी कथेचा शेवट बदलून पाहावा, कारण या कथेत शेवट हीच सर्वांत मोकळी जागा आहे. बंगाली रूपात कोल्हा म्हातारीला ओळखतो, मग ती घरी ठेवलेल्या आपल्या दोन कुत्र्यांना हाका मारते आणि कुत्री कोल्ह्याला संपवतात. म्हणजे तिथे प्रॉपचे तिसावे कार्य, खलपात्राची शिक्षा, आले. काही मराठी सांगणाऱ्या वाघाला भोपळा फोडू देतात आणि म्हातारीला त्याच्या डोळ्यांत मूठभर राख टाकायला लावतात. आमच्या घरी आजी यातले काहीच करत नसे. तिच्या गोष्टीत भोपळा अंगणात येऊन थांबे, म्हातारी बाहेर पडे आणि आतून कडी लावून घेई. वाघ जंगलात वाट पाहत बसलेलाच राही. भाचीला मी तीच गोष्ट वचनासकट पुन्हा सांगितली. तिने दुसऱ्या दिवशी मला विचारले, ‘वाघ अजून तिथेच बसलाय का?’ आणि मी तिला हो म्हटले.